कंपनीचे मन कोठे असते? उघड्या दारांच्या एका बोटीची कथा

१/
६ मार्च १९८७. बेल्जियममधील झेब्रुगे बंदरातून ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही ब्रिटिश फेरीबोट इंग्लंडमधील डोव्हरकडे निघाली. ब्रिटिश वेळेप्रमाणे सायंकाळचे सहा वाजून पाच मिनिटे झाली होती. बोटीवर प्रवासी आणि खलाशी मिळून सुमारे ५४० माणसे होती. समुद्र शांत होता. अर्ध्या तासाच्या आत ती बोट बंदराच्या तोंडाबाहेर कुशीवर कलंडली आणि १९३ माणसे मृत्युमुखी पडली.

२/
कारण एकच होते. मोटारी आत घेण्यासाठी बोटीच्या नाळेला असलेली प्रचंड दारे बंद न करताच बोट निघाली होती. साडेतीन वर्षांनी लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात सदोष मनुष्यवधाचा खटला उभा राहिला. आरोपींमध्ये सात व्यक्ती होत्या आणि आठवी आरोपी होती स्वतः कंपनी. जिला देह नाही, जिला मन नाही, ती कंपनी मनुष्यवध करू शकते काय? त्या प्रश्नाचा हा इतिहास.

३/
आधी बोटीचे काय झाले ते पाहू. अशा फेरीबोटीचा वाहनतळ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सलग मोकळे दालन. मध्ये भिंती नसतात, म्हणून मोटारी एका बाजूने चढतात आणि दुसऱ्या बाजूने उतरतात. सोय मोठी, पण त्याच सोयीत धोका असतो. आत पाणी शिरले तर त्याला अडवणारे काहीच नसते. ते एका कुशीला धावते, बोट त्या बाजूला झुकते, आणि झुकल्यामुळे आणखी पाणी त्याच बाजूला जमते.

४/
झेब्रुगेच्या धक्क्यावरील उतरंड या बोटीच्या वरच्या वाहनतळाला पुरेशी उंच नव्हती. त्यामुळे नाळेकडील टाक्यांत पाणी भरून बोटीचे तोंड खाली आणावे लागे. निघताना ते पाणी पूर्णपणे उपसले गेलेले नव्हते. बोटीने बंदराबाहेर येऊन वेग घेतला तशी नाळेपुढची लाट उंचावली आणि उघड्या दारांतून थेट आत आली. त्यानंतर बोट कलंडण्यास काही मिनिटेही लागली नाहीत. ती उथळ वाळूवर आडवी झाली, म्हणून निम्मी पाण्याबाहेर राहिली. अन्यथा मृतांचा आकडा याहून मोठा असता.

५/
दारे बंद करणे हे साहाय्यक बोसनचे काम होते. बोसन म्हणजे खलाशांचा मुकादम, आणि हा त्याचा मदतनीस. तो आधीचे काम आटोपून आपल्या खोलीत झोपला होता. ध्वनिक्षेपकावरची हाक त्याला ऐकू आली नाही. वाहनतळ सोडणाऱ्या शेवटच्या माणसाने, खुद्द बोसनने, दारे उघडी पाहिली होती. परंतु ती लावणे हे आपले काम असे तो मानत नव्हता. तो आपल्या जागी निघून गेला.

६/
दारे लागली की नाही हे पाहण्याची जबाबदारी मुख्य अधिकाऱ्याची होती. मात्र त्याच वेळी त्याने वर ब्रिजवर हजर असावे, असाही कंपनीचा नियम होता. एकाच माणसाने एकाच क्षणी दोन ठिकाणी असावे, असा तो नियम! तो वर गेला. ब्रिजवरून कप्तानाला दारे दिसत नसत. कोणी तक्रार केली नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे समजून निघावयाचे, ही तेथली पद्धत होती. कोणी तक्रार केली नाही. बोट निघाली.

७/
येथवर ही चार माणसांच्या चुकांची गोष्ट वाटते. न्यायमूर्ती शीन यांच्या चौकशीने मात्र कागद उघडले आणि गोष्ट वरच्या मजल्यावर गेली. याच कंपनीची दुसरी एक बोट १९८३ मध्ये, अगदी याच प्रकारे, साहाय्यक बोसन झोपल्यामुळे उघड्या दारांनिशी निघाली होती. १९८५ मध्ये एका कप्तानाने लेखी मागणी केली की ब्रिजवर दिवे बसवावेत, म्हणजे दारे उघडी आहेत की मिटलेली, हे कळेल.

८/
किनाऱ्यावरील अधिकाऱ्यांमध्ये तो कागद फिरला आणि त्यावर थट्टेचे शेरे आले. खलाशी जागा आणि शुद्धीवर आहे की नाही हे सांगण्यासाठीही आता दिवा हवा काय, अशा आशयाचे. दिवे बसले नाहीत. दुर्घटनेनंतर मात्र कंपनीच्या त्याच जातीच्या उरलेल्या बोटींवर ते काही दिवसांतच बसवण्यात आले. म्हणजे काम अवघड नव्हते. जुलै १९८७ च्या अहवालात शीन यांनी कठोर निष्कर्ष काढला: निष्काळजीपणाचा रोग या संस्थेला वरपासून खालपर्यंत जडलेला होता.

९/
‘वरपासून खालपर्यंत’ हे शब्द ध्यानात ठेवावेत. सामान्य माणसाला ते कंपनीविरुद्धचे सर्वात जड वाक्य वाटेल. इंग्लंडच्या फौजदारी कायद्यात त्याच वाक्याने कंपनी सुटणार होती. ते कसे, हे समजण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते.

१०/
जुन्या इंग्रजी कायद्याची धारणा सरळ होती. गुन्ह्याला दोन गोष्टी लागतात: वाईट कृत्य आणि त्यामागचे दोषी मन. कंपनी ही केवळ कागदावर जन्मलेली व्यक्ती. तिला फासावर देता येत नाही, तुरुंगात टाकता येत नाही, आणि मन तर तिला नाहीच. म्हणून गुन्हा करील तो माणूस, कंपनी नव्हे. व्यापारी पेढ्या लहान होत्या तोवर हे चालून गेले. मग रेल्वे आली.

११/
१८४२ मध्ये बर्मिंगहॅम अँड ग्लॉस्टर रेल्वेने, रुळांमुळे तुटलेल्या जमिनी जोडण्याचे कायदेशीर कर्तव्य टाळले, म्हणून तिच्यावर आरोप ठेवता येईल असे न्यायालयाने म्हटले. १८४६ मध्ये ग्रेट नॉर्थ ऑफ इंग्लंड रेल्वेच्या खटल्यात त्यापुढचे पाऊल पडले. कंपनीने सार्वजनिक रस्ता बेकायदा तोडला होता. मजुराला दंड करून काय साधणार? आदेश ज्या संस्थेचा, तिलाच जबाबदार धरले पाहिजे, असा युक्तिवाद टिकला. पण मुख्य न्यायमूर्ती डेन्मन यांनी मर्यादाही आखली: राजद्रोह, खोटी शपथ, मारहाण हे मनाच्या विकृतीतून येणारे गुन्हे कंपनीला लागू नाहीत.

१२/
ती मर्यादा ओलांडली गेली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, पेट्रोलच्या कूपनांमुळे. एका कंपनीच्या वाहतूक व्यवस्थापकाने जास्त पेट्रोल मिळवण्यासाठी खोटी विवरणे सादर केली होती. येथे फसवण्याचा हेतू सिद्ध करणे आवश्यक होते. १९४४ मध्ये न्यायालयाने म्हटले की कंपनीच्या वतीने बोलणाऱ्या आणि वागणाऱ्या अधिकाऱ्याचा हेतू हाच कंपनीचा हेतू समजता येईल. प्रथमच कंपनीला ‘मन’ मिळाले. उसने, पण मन.

१३/
आता पुढचा प्रश्न. कंपनीत हजारो माणसे असतात; मग कोणाचे मन उसने घ्यावयाचे? १९५७ मध्ये न्यायमूर्ती डेनिंग यांनी मानवी शरीराचा दृष्टांत दिला. कंपनीला मेंदू असतो आणि हातही असतात. नोकरचाकर म्हणजे हात. ते केवळ काम करतात. संचालक आणि प्रमुख व्यवस्थापक म्हणजे मेंदू. त्यांची मनःस्थिती तीच कंपनीची मनःस्थिती. दृष्टांत सुबक होता. त्याची अडचण पुढे एका साबणाच्या पुड्याने उघड केली.

१४/
१९६९, नॉर्थविच गावातील टेस्को कंपनीचे दुकान. धुण्याच्या पावडरीची किंमत एक शिलिंगाने उतरवल्याची जाहिरात लावलेली होती. सवलतीचे पुडे संपले आणि नोकराने पूर्ण किमतीचे पुडे मांडले. दुकानाच्या व्यवस्थापकाने तपासणी केली नाही. एका ग्राहकाकडून जास्त पैसे घेतले गेले आणि खटला झाला. कंपनीचा बचाव असा होता की आम्ही देखरेखीची योग्य व्यवस्था केली होती. चूक दुसऱ्याची आहे. हा ‘दुसरा’ कोण? आपल्याच दुकानाचा व्यवस्थापक!

१५/
१९७१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने हा बचाव मान्य केला. शेकडो दुकानांपैकी एका दुकानाचा व्यवस्थापक हा कंपनीचा मेंदू नव्हे, हात आहे, असे ठरले. याचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. गल्लीतल्या किराणा दुकानाचा मालकच गल्ल्यावर बसतो. त्याची चूक ती दुकानाची चूक. मोठ्या कंपनीत मात्र मेंदू आणि हात यांच्यामध्ये अनेक पायऱ्या असतात. जितक्या पायऱ्या जास्त, तितका मेंदू निर्दोष.

१६/
आता ओल्ड बेलीकडे परत येऊ. मनुष्यवधासाठी तरी कंपनीवर खटला चालतो का, हाच पहिला वाद होता. १९२७ मध्ये कोरी ब्रदर्स या कोळसा कंपनीने कुंपणात वीज सोडल्यामुळे एक खाणकामगार मरण पावला होता, तेव्हा न्यायालयाने ‘नाही’ असे उत्तर दिले होते. १९९० मध्ये न्यायमूर्ती टर्नर यांनी ते उत्तर बाजूला सारले. कंपनीवर सदोष मनुष्यवधाचा आरोप ठेवता येतो, असा त्यांनी निर्णय दिला. मृतांच्या कुटुंबीयांच्या दृष्टीने हा मोठा विजय होता.

१७/
पण दार उघडले तरी उंबरठा उंच होता. कंपनी दोषी ठरण्यासाठी तिच्या ‘मेंदूतील’ निदान एक व्यक्ती स्वतः मनुष्यवधाची दोषी ठरली पाहिजे, ही अट कायम राहिली. साहाय्यक बोसन झोपला, पण तो हात. मुख्य अधिकारी वर गेला, तोही हातच. वरच्या अधिकाऱ्यांपैकी एकाने दिव्यांची मागणी हसण्यावारी नेली, दुसऱ्याने नियम नीट लिहिले नाहीत, संचालक मंडळाने सुरक्षेची जबाबदारी स्पष्टपणे कोणावर सोपवलीच नाही. प्रत्येकाचा दोष थोडा थोडा.

१८/
हे सर्व दोष एकत्र का मोजू नयेत? ‘थेंबे थेंबे तळे साचे’ हे व्यवहारात खरे आहे; या कायद्यात नव्हते. १९८७ मध्येच, मृत्यूंच्या चौकशीच्या वेळी, एका वरिष्ठ न्यायालयाने हा मुद्दा नाकारला होता. दहा माणसांच्या दहा लहान चुका जोडून एक मोठा गुन्हा तयार करता येणार नाही. कोणा एकाचा दोष पुरता भरला पाहिजे. आता शीन यांचे वाक्य आठवावे. रोग वरपासून खालपर्यंत पसरला होता, म्हणजेच तो कोणा एकात पुरता एकवटलेला नव्हता.

१९/
आणखी एक अडचण होती. त्या काळच्या नियमानुसार, धोका उघड आणि गंभीर होता आणि तरीही आरोपीने त्याची पर्वा केली नाही, हे दाखवावे लागे. इतर बोटींवरील अनुभवी माणसांना साक्षीसाठी बोलावले गेले. दारे उघडी ठेवून बोट निघेल हा धोका आपल्या मनात कधी आला नव्हता, असे त्यांनी सांगितले. जो धोका व्यवसायातल्या जाणत्यांना दिसला नाही, तो ‘उघड’ कसा म्हणावा? साऱ्या धंद्याची बेफिकिरी अशा प्रकारे एका कंपनीची ढाल बनली.

२०/
१९ ऑक्टोबर १९९० रोजी न्यायमूर्ती टर्नर यांनी ज्यूरीला निर्देश दिला की कंपनी आणि पाच व्यक्ती यांना निर्दोष ठरवावे. उरलेल्या दोघांवरील, म्हणजे मुख्य अधिकारी आणि साहाय्यक बोसन यांच्यावरील, खटला सरकारी पक्षाने मागे घेतला. केवळ तळाच्या माणसांना शिक्षा देण्यात कोणालाच स्वारस्य उरले नव्हते. १९३ मृत्यू, आणि गुन्हेगार कोणीच नाही.

२१/
मग इंग्लंडमध्ये मनुष्यवधासाठी दोषी ठरलेली पहिली कंपनी कोणती? मार्च १९९३ मध्ये लाइम उपसागरात होड्या वल्हवण्याच्या सहलीत चार शाळकरी मुले बुडाली. सहल ओएलएल नावाच्या लहानशा कंपनीने काढली होती. दोन प्रशिक्षकांनी आधीच असुरक्षिततेबद्दल लेखी इशारा देऊन नोकरी सोडली होती. ते पत्र व्यवस्थापकीय संचालकाच्या हाती पडले होते. कंपनी लहान, मेंदू एकच, आणि त्या मेंदूला धोका माहीत होता. डिसेंबर १९९४ मध्ये संचालक आणि कंपनी, दोघेही दोषी ठरले. कंपनीला ६० हजार पौंडांचा दंड झाला.

२२/
दोन्ही खटले शेजारी ठेवले की कायद्याची विसंगती स्पष्ट दिसते. दोन्हीकडे लेखी इशारा होता, दोन्हीकडे त्याकडे दुर्लक्ष झाले. फरक इतकाच की एका ठिकाणी कागद थेट मालकाच्या मेजावर आला आणि दुसरीकडे तो अधिकाऱ्यांच्या उतरंडीत विरला. वाईट बातमी वर पोहोचूच नये अशी रचना ज्या कंपनीत असेल, तिला कायदा जणू बक्षीस देत होता.

२३/
ही चूक दुरुस्त करण्यास संसदेला २००७ साल उजाडले. कॉर्पोरेट मनुष्यवधाचा नवा कायदा एप्रिल २००८ पासून लागू झाला. त्याने ‘कोणाचे मन?’ हा प्रश्नच सोडून दिला आणि विचारले, ‘काम कसे चालवले जात होते?’ वरिष्ठ व्यवस्थापनाने कारभाराची जी घडी बसवली, ती काळजीच्या कर्तव्याच्या घोर उल्लंघनाला मोठ्या अंशी कारण झाली असेल, तर कंपनी दोषी. आता एक दोषी संचालक शोधण्याची गरज नाही. थेंब मोजण्याऐवजी तळे पाहावयाचे, असा हा बदल होता.

२४/
शिक्षेचा विचारही वेगळा झाला. दंडाला कमाल मर्यादा नाही. शिवाय आपला गुन्हा जाहीरपणे प्रसिद्ध करण्याचा आदेश न्यायालय कंपनीला देऊ शकते. तरीही या कायद्याखाली २०११ मध्ये पहिली दोषी ठरलेली कंपनी पुन्हा एक छोटीच होती. खोल चर खणून माती तपासणारी ती कंपनी. चर ढासळून तिचा तरुण भूवैज्ञानिक दगावला होता. ‘वरिष्ठ व्यवस्थापन’ हे शब्द कायद्यात आहेतच, त्यामुळे दोष त्या पातळीपर्यंत नेऊन भिडवण्याचे काम मोठ्या कंपनीच्या बाबतीत अजूनही कठीण असते.

२५/
भारतीय न्यायालयांनाही इंग्रजी कायद्याचा हा वारसा मिळाला, पण येथे पहिली ठेच वेगळ्या दगडाला लागली. १८६० च्या भारतीय दंड संहितेतच ‘व्यक्ती’ या शब्दात कंपनीचा समावेश होता. अडचण शिक्षेची होती. १९७३ च्या परकीय चलन कायद्यात एक लाख रुपयांवरील गुन्ह्याला किमान सहा महिने तुरुंगवास आणि दंड, अशी सक्तीची शिक्षा होती. एक लाखापर्यंतच्या गुन्ह्याला मात्र तुरुंगवास किंवा दंड, असा पर्याय होता.

२६/
कंपनीला कोठडीत बसवता येत नाही. मग ज्या गुन्ह्याला तुरुंगवास सक्तीचा, त्यासाठी तिच्यावर खटलाच चालवता येत नाही, असा युक्तिवाद झाला, आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात तो मान्यही केला. परिणाम विचित्र होता: छोट्या रकमेचा गुन्हा करणारी कंपनी सापडणार, मोठ्या रकमेचा करणारी सुटणार. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या स्टँडर्ड चार्टर्ड बँकेच्या अपिलात, मे २००५ मध्ये, पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी हा निर्णय फिरवला. तुरुंगवास अशक्य असेल तर दंड करावा, पण खटला टळणार नाही. बँक दोषी आहे की नाही, हा प्रश्न त्या निकालापुढे नव्हताच.

२७/
मनाचा प्रश्न उरलाच होता. पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे इरिडियम इंडिया या कंपनीने मोटोरोला कंपनीविरुद्ध फसवणुकीची फिर्याद दाखल केली होती. फसवणुकीला हेतू लागतो आणि कंपनीला हेतू असू शकत नाही, हे कारण मानून मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा जिवंत केली: कंपनीचा कारभार ज्यांच्या हाती आहे, त्यांचा हेतू कंपनीला चिकटतो. आरोप खरे की खोटे, हे न्यायालयाने ठरवले नाही; खटला चालू शकतो, इतकेच ठरवले.

२८/
म्हणजे १९५७ चा तो मेंदू आणि हातांचा दृष्टांत राजगुरुनगरच्या फिर्यादीपर्यंत येऊन पोहोचला, आणि त्याच्याबरोबर त्याची जुनी अडचणही आली. मोठ्या दुर्घटनेनंतर ‘खरा गुन्हेगार कोण?’ असे विचारले जाते, तेव्हा एखादा चेहरा दिसावा अशी अपेक्षा असते. झेब्रुगेच्या बोटीवर तसा चेहरा सापडला नाही. सापडला तो एका कप्तानाचा विनंतीचा कागद, आणि त्याच्या कडेला लिहिलेले थट्टेचे शेरे. कंपनीचे मन शोधावयाचे असेल तर ते बहुधा अशाच कागदांच्या कडेला सापडते.